पावसाचा अंदाज किती रुपयांचा? गवताच्या एका ट्रकचा हिशेब

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला जाताना माळरानावर कापलेलं गवत पसरलेलं दिसतं. हे गवत वाळतं, त्याचे गठ्ठे बांधले जातात आणि ट्रकमधून मुंबई, कल्याण, भिवंडीकडच्या तबेल्यांना जातं. ठाणे जिल्ह्याच्या या भागातून शहरातल्या म्हशींसाठी गवत पाठवण्याचा धंदा जुना आहे. त्यात कमाई होते ती वाळलेल्या गवताची, आणि नेमकं वाळवण्याच्या दिवसांत परतीचा पाऊस अंगणात येऊन उभा असतो.

हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती, ती आता ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे गवताची कापणी सुरू होते तेव्हा पाऊस गेलेला असेलच, असं कॅलेंडर सांगू शकत नाही.

आता गवत पाठवणारा एक व्यापारी डोळ्यासमोर आणा. एक ट्रक भरेल एवढं त्याचं गवत माळावर अर्धवट वाळून पडलं आहे. आज सकाळी त्याला ठरवायचंय की ते आजच भरायचं, की आणखी दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं.

आज भरलं तर गवत थोडं ओलसर जाईल. तबेलेवाला मूठभर गवत पिळून बघतो. कडकन मोडलं तर पूर्ण भाव, नुसतं वाकलं तर कपात. ओल्या गवताचे गठ्ठे आतून तापतात, बुरशी धरतात आणि गंजीत रचले तर कधी कधी आपोआप पेटतातही, त्यामुळे ही कपात काही उगाच नसते. दोन दिवस थांबलं आणि ऊन मिळालं तर पूर्ण भाव. पण त्या दोन दिवसांत पाऊस झोडपून गेला तर गवत काळं पडतं, पुन्हा परतायची मजुरी लागते आणि शेवटी ते जनावरांखाली अंथरायला कसंबसं खपतं.

हे सगळं आकड्यांत मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावात ते वेगळे असतील, रीत तीच राहील. सगळा खर्च वजा जाता एका ट्रकमागे हातात उरणारी रक्कम अशी धरू: आज भरलं तर २२,००० रुपये, पाऊस पडो न पडो. थांबलं आणि कोरडं राहिलं तर ३४,०००. थांबलं आणि भिजलं तर ६,०००.

झाड काढायचं डावीकडून, सोडवायचं उजवीकडून

अशा प्रश्नासाठी जे चित्र काढतात त्याला निर्णयवृक्ष म्हणतात. जिथे निर्णय आपल्या हातात आहे तिथे चौकोन काढायचा. जिथे निर्णय आभाळाच्या हातात आहे तिथे गोल. आपल्या झाडात सुरुवातीला एक चौकोन आहे आणि त्यातून दोन फांद्या फुटतात, ‘आज भरा’ आणि ‘थांबा’. पहिल्या फांदीच्या टोकाला थेट २२,००० लिहायचे. दुसऱ्या फांदीवर एक गोल येतो आणि त्यातून पुन्हा दोन फांद्या, ‘कोरडं’ आणि ‘पाऊस’.

गोलातल्या फांद्यांना शक्यता लागते. समजा व्यापाऱ्याच्या अनुभवानुसार ऑक्टोबरच्या सुरुवातीला अशा दोन दिवसांच्या १०० जोड्यांपैकी ४० मध्ये गवत भिजवणारा पाऊस होतो आणि ६० कोरड्या जातात. या शक्यतेला पूर्वशक्यता म्हणू, कारण आजचा अंदाज ऐकण्यापूर्वीची ती आहे.

आता उजवीकडून मागे यायचं. थांबण्याची सरासरी किंमत म्हणजे ३४,००० चे ६० टक्के अधिक ६,००० चे ४० टक्के. २०,४०० अधिक २,४००, एकूण २२,८००. आज भरण्याचे २२,०००. थांबणं ८०० रुपयांनी वरचढ ठरतं. अटीतटीचा सामना आहे, म्हणून तर व्यापारी सकाळपासून आभाळाकडे बघतोय.

सगळं आधीच कळलं असतं तर?

समजा कोणी छातीठोक सांगणारा भेटला. दोन दिवसांत पाऊस पडणार की नाही, हे तो कधीही न चुकता सांगतो. त्याला एका ट्रकमागे जास्तीत जास्त किती पैसे द्यावेत?

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. तो पाऊस थांबवत नाही, फक्त आधी सांगतो. १०० पैकी ४० वेळा पाऊस तरीही पडणारच. फरक एवढाच की त्या ४० वेळा व्यापारी आधीच माल भरून मोकळा होईल आणि २२,००० मिळवेल. उरलेल्या ६० वेळा तो निर्धास्त थांबेल आणि ३४,००० मिळवेल. सरासरी झाली २०,४०० अधिक ८,८००, म्हणजे २९,२००.

काहीच न कळता सर्वांत चांगला निर्णय घेतला तर २२,८०० मिळत होते. दोन्हींतला फरक ६,४०० रुपये. यालाच ‘परिपूर्ण माहितीचं अपेक्षित मूल्य’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ईव्हीपीआय.

हा आकडा बरोबर आला का, ते हळहळीवरून तपासता येतं. अंदाजाशिवाय आपला व्यापारी थांबणार होता. कोरडं गेलं तर त्याला काहीच हळहळ नाही. पाऊस आला तर मात्र ‘अरे, सकाळीच भरलं असतं तर’ म्हणून तो २२,००० वजा ६,०००, म्हणजे १६,००० रुपयांनी हळहळतो. असं १०० पैकी ४० वेळा होतं. १६,००० चे ४० टक्के किती? ६,४००. मला हा मार्ग पहिल्यापेक्षा जास्त पटतो, कारण माहितीची किंमत म्हणजे टळलेली हळहळ, हे त्यात उघड दिसतं.

६,४०० ही कमाल मर्यादा झाली. हवामानाची कोणतीही माहिती, मग ती उपग्रहाची असो, रडारची असो की गावातल्या जाणत्याची, या ट्रकसाठी याहून जास्त किमतीची असूच शकत नाही.

खरा अंदाज चुकतोही

प्रत्यक्षात मिळतो तो चुकू शकणारा अंदाज. हवामान खात्याचे जिल्हावार इशारे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत येतात. मौसम आणि मेघदूत ही ॲप फुकट आहेत. आपण ‘इशारा आहे’ आणि ‘इशारा नाही’ एवढे दोनच भाग करू.

समजा व्यापाऱ्याने काही हंगाम वहीत नोंदी ठेवल्या आणि त्याला असं दिसलं की खरोखर पाऊस पडला त्यातल्या ८० टक्के वेळा आधी इशारा होता. कोरडं गेलं त्यातल्या २५ टक्के वेळाही इशारा होता, म्हणजे हूल निघाली. मग आज इशारा आला तर पावसाची शक्यता किती?

बहुतेक जण ८० टक्के म्हणतील. चूक इथेच होते. ‘पाऊस पडला त्यातल्या ८० टक्के वेळा इशारा होता’ आणि ‘इशारा असला की ८० टक्के वेळा पाऊस पडतो’ ही दोन वाक्यं कानाला सारखी लागतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. सूत्र पाठ करत बसण्यापेक्षा १०० जोड्या मोजून टाकू.

| | पाऊस पडला | कोरडं गेलं | एकूण |
|---|---|---|---|
| इशारा होता | ३२ | १५ | ४७ |
| इशारा नव्हता | ८ | ४५ | ५३ |
| एकूण | ४० | ६० | १०० |

४० पावसाळी जोड्यांचे ८० टक्के म्हणजे ३२. कोरड्या ६० चे २५ टक्के म्हणजे १५. आज इशारा आला, तर आपण वरच्या ओळीत आहोत. त्या ४७ पैकी ३२ वेळा पाऊस, म्हणजे सुमारे ६८ टक्के. इशारा नसेल तर खालच्या ओळीत, ५३ पैकी ८, म्हणजे सुमारे १५ टक्के. ४० टक्क्यांची पूर्वशक्यता अंदाज ऐकल्यावर ६८ किंवा १५ झाली. हीच सुधारित शक्यता.

तक्ता उभा वाचला तर ८० टक्के, आडवा वाचला तर ६८. व्यापाऱ्याला आडवा वाचायचाय, कारण सकाळी त्याच्या हातात इशारा असतो, पाऊस अजून पडलेला नसतो. हा उलटा विचार थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचा निबंध तो गेल्यानंतर १७६३ मध्ये छापला गेला. धंद्याच्या निर्णयांसाठी त्याची पद्धतशीर मांडणी हॉवर्ड रायफा आणि रॉबर्ट श्लेफर यांनी १९६१ च्या पुस्तकात केली.

आता पूर्ण झाड

नव्या झाडात सगळ्यात आधी गोल येतो, इशारा येणार की नाही याचा. चौकोन त्याच्यानंतर. हा क्रम उलटा झाला तर सगळा हिशेब कोसळतो, कारण अंदाज ऐकून मग निर्णय घ्यायचा आहे, निर्णय घेऊन मग अंदाज ऐकायचा नाही. परीक्षेत मुलांची सर्वांत जास्त गाडी इथेच घसरते.

इशारा असलेल्या ४७ वेळा थांबलं तर काय मिळेल? ३२ वेळा ६,००० आणि १५ वेळा ३४,०००. सरासरी सुमारे १४,९४०. आज भरण्याचे २२,००० त्याहून बरेच जास्त, तेव्हा इशारा आला की माल भरा. इशारा नसलेल्या ५३ वेळा थांबलं तर ८ वेळा ६,००० आणि ४५ वेळा ३४,०००, सरासरी सुमारे २९,७७०. मग थांबा.

शंभर जोड्यांची एकत्र सरासरी २६,१२० रुपये निघते. अंदाजाशिवाय २२,८०० होते. म्हणजे या चुकणाऱ्या अंदाजाची किंमत एका ट्रकमागे ३,३२० रुपये, परिपूर्ण माहितीच्या ६,४०० च्या निम्म्याहून किंचित जास्त. चारांत एकदा हूल देणारा अंदाजही एवढे पैसे वाचवतो, हे मला पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

समजा एखाद्या खासगी सल्लागाराने सांगितलं, ‘माझा अंदाज हवामान खात्याहून अचूक आहे, ट्रकमागे ३,५०० रुपये द्या.’ ६,४०० पेक्षा ते कमी आहेत, म्हणून हो म्हणावंसं वाटेल. पण ३,३२० रुपयांची माहिती तर फुकट हातात आहे. सल्लागार कधीच चुकला नाही तरी त्याच्यामुळे वाढणारी किंमत ६,४०० वजा ३,३२०, म्हणजे ३,०८० रुपयेच. त्याला नम्रपणे नकार द्यायचा.

तोच अंदाज, नोव्हेंबरमध्ये

दिवस बदलले की तोच अंदाज स्वस्त होतो. मधला उंबरठा आधी शोधू. पावसाची शक्यता सुमारे ४३ टक्के असेल तेव्हा भरणं आणि थांबणं दोन्ही सारखंच पडतं. त्याच्या वर भरा, खाली थांबा. ऑक्टोबरची ४० टक्के शक्यता या उंबरठ्याला जवळजवळ चिकटून आहे, म्हणून थोडीशी बातमीही निर्णय फिरवते.

नोव्हेंबरच्या मध्यात पावसाची शक्यता ५ टक्के धरू. अशा ४०० जोड्यांत २० वेळा पाऊस, ३८० वेळा कोरडं. त्याच अचूकतेचा अंदाज १६ पावसांआधी इशारा देईल आणि ९५ वेळा हूल. इशारा असतानाही पावसाची शक्यता १११ पैकी १६, सुमारे १४ टक्के. ४३ च्या उंबरठ्याखाली ती खूपच आहे. इशारा असो नसो, व्यापारी थांबणारच. म्हणून या ट्रकसाठी त्या अंदाजाची किंमत शून्य. अंदाज खराब झालेला नाही, त्याच्यामुळे ट्रकचं चाक हलत नाही एवढंच. कधीही न चुकणारी माहितीसुद्धा त्या दिवसांत फक्त ८०० रुपयांची.

ताडपत्री आली की गणित बदलतं

आतापर्यंत दोनच पर्याय होते. खरा व्यापारी लगेच म्हणेल, ‘अहो, झाकून ठेवू की.’ बरोबर आहे. गवत गोळा करून ताडपत्रीखाली ठेवलं तर भाडं आणि मजुरी जाते, शिवाय गवत थोडं घामेजतं. समजा कोरडं गेलं तर ३०,००० हाती येतात आणि पाऊस आला तरी १८,०००.

अंदाजाशिवाय याची सरासरी २५,२०० येते, म्हणजे २२,८०० पेक्षा सरस. आता परिपूर्ण माहितीची किंमत किती? २९,२०० वजा २५,२००, फक्त ४,०००. ताडपत्री आल्यावर सर्वज्ञ माणसाचा भावही २,४०० रुपयांनी पडला. आणि आपल्या चुकणाऱ्या अंदाजाची किंमत? इशारा असताना झाकण्याची सरासरी सुमारे २१,८३० येते, भरण्याच्या २२,००० हून कमी. इशारा नसताना सुमारे २८,१९०, थांबण्याच्या २९,७७० हून कमी. दोन्हीकडे ताडपत्री दुसरी येते, एकूण सरासरी पूर्वीचीच २६,१२० राहते आणि अंदाजाची किंमत उरते ९२० रुपये.

वही कशी लिहायची

या सगळ्या हिशेबाची भिस्त ८० आणि २५ या दोन टक्क्यांवर आहे, आणि ते आयते कुठे मिळत नाहीत. ठाणे जिल्हा भाईंदरच्या खाडीपासून माळशेज घाटापर्यंत पसरलेला आहे. जिल्ह्याला दिलेला इशारा भाईंदरमध्ये खरा ठरला आणि टोकावड्यात कोरडं गेलं, तर हवामान खातं चुकलं असं होत नाही, पण आपला व्यापारी मात्र चुकलेला असतो. ऑक्टोबरचा पाऊस दुपारच्या गडगडाटी ढगांचा असतो, तो एक गाव भिजवतो आणि शेजारचं सोडतो. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फार तर पाव ठिकाणी पाऊस असा असतो, हेही ठाऊक हवं.

शिवाय खात्याच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो पावसाचा दिवस, आणि मोजणी सकाळी साडेआठ ते साडेआठ. गवताची व्याख्या वेगळी असते. म्हणून वहीत पर्जन्यमापकाचा आकडा नको. सकाळी इशारा होता की नव्हता, आणि दोन दिवसांत आपल्या माळावरचं गवत भिजलं की नाही, एवढंच लिहायचं. वरच्या तक्त्यातल्या चार घरांपैकी एका घरात रोज एक रेघ. पण दहा-बारा रेघांवर ८० टक्के ठरवू नये. एवढ्या थोड्या नोंदींत एक पाऊस इकडचा तिकडे झाला तरी टक्का दहाने हलतो. इशारा खोटा ठरलेले दिवस लिहायला माणसं विसरतात आणि भिजलेला ट्रक मात्र आयुष्यभर लक्षात राहतो, हेही ध्यानात ठेवा.

शंभर ट्रकची सरासरी, एका ट्रकचा माणूस

हा सगळा हिशेब सरासरीचा आहे. हंगामात पन्नास ट्रक पाठवणाऱ्या वखारवाल्याला सरासरी चालते, एका ट्रकचा तोटा दुसरा भरून काढतो. पण ज्याचा हंगामात एकच ट्रक आहे आणि ज्याला दिवाळीआधी कापणीवाल्यांची १५,००० रुपये मजुरी चुकवायचीच आहे, त्याच्यासाठी ६,००० हा आकडा नुसता कमी नसतो, त्या आकड्याला मजूर दारात उभे असतात.

अशा माणसाने इशारा आला की माल भरावाच. इशारा नसेल तेव्हाही ५३ पैकी ८ वेळा पाऊस येतो, आणि तिथे मघाशी दुसरी आलेली ताडपत्री कामाला येते. इशारा नसताना झाकून थांबलं तर सरासरीत सुमारे १,६०० रुपये कमी मिळतात, पण वाईटात वाईट दिवशी हातात ६,००० ऐवजी १८,००० येतात. मजुरी चुकवून वर ३,००० उरतात.